आकृती गेली, आकडे उरले

‘आकृतीत दाखवलेल्या लंबकाचा दोलनकाळ आलेखावरून काढा.’ अकरावी-बारावीच्या मुलांपुढे असा प्रश्न येतो आणि त्याच्याखाली आकृतीही नसते, आलेखही नसतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढता काढता फोटोच्या जागी काळा चौकोन उरलेला असतो. फोनवरून फिरत आलेल्या प्रश्नसंचात कधी नुसता मजकूर पुढे आलेला असतो, चित्रं मागेच राहिलेली असतात. जुन्या जर्नलची तर वेगळीच गत. डिंक सुकून फोटो निसटलेला असतो, आलेखाचा कागद शिवणीतून सुटून गेलेला असतो. मागे राहतं ते निरीक्षणांचं एक कोष्टक आणि प्रयोगाचं चार ओळींचं वर्णन.

बहुतेक मुलं अशा वेळी प्रश्न सोडून देतात, आणि बहुतेक शिक्षक तो रद्द करतात. मला ही घाई वाटते. लंबक आणि स्प्रिंग या दोन प्रयोगांपुरतं तरी फोटोत आणि आलेखात जे होतं त्यातलं बरंचसं कोष्टकातल्या आकड्यांतच दडलेलं असतं. ते कसं बाहेर काढायचं आणि कुठे हात टेकायचे, हे एकदा नीट पाहू.

आधी लंबक घेऊ. दोऱ्याला टांगलेला धातूचा गोळा, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत बॉब, एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाला जाऊन परत पहिल्या जागी येतो ते एक दोलन. त्याला लागणारा वेळ म्हणजे दोलनकाळ. त्याचं सूत्र प्रसिद्ध आहे:

T = 2π√(L/g)

यात T म्हणजे दोलनकाळ, L म्हणजे लंबकाची लांबी आणि g म्हणजे गुरुत्वीय त्वरण. महाराष्ट्रात g सुमारे ९.७८ ते ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं भरतं. सूत्रात काय नाही हेही पाहायला हवं. बॉबचं वजन त्यात नाही. बॉब बाजूला किती ओढून सोडला तेही नाही. म्हणजे हरवलेल्या फोटोत बॉब पितळेचा होता की शिशाचा, याने आपलं काही अडत नाही. अडतं ते लांबीपाशी. लंबकाची लांबी म्हणजे दोरा जिथून टांगला त्या बिंदूपासून बॉबच्या मध्यापर्यंतचं अंतर. जर्नलमध्ये मात्र नुसतं ‘लांबी ४० सें.मी.’ असं लिहिलेलं असतं. ती बॉबच्या मध्यापर्यंत मोजली, की वरच्या आकड्यापर्यंत, जिथे दोरा संपतो तिथपर्यंत? फोटो असता तर एका नजरेत कळलं असतं.

आता हे कोष्टक पाहा. नमुन्यासाठी ते मी तयार केलं आहे, पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत आकडे असेच येतात. प्रत्येक लांबीला २० दोलनांचा वेळ स्टॉपवॉचने घेतलेला आहे.

| लांबी (सें.मी.) | २० दोलनांचा वेळ (सेकंद) | T (सेकंद) | T चा वर्ग |
|---|---|---|---|
| ४० | २५.९ | १.२९५ | १.६७७ |
| ६० | ३१.५ | १.५७५ | २.४८१ |
| ८० | ३६.३ | १.८१५ | ३.२९४ |
| १०० | ४०.५ | २.०२५ | ४.१०१ |

यातली पहिली ओळ उचलून सूत्रात घातली तर g येतं ९.४२. दुसऱ्या ओळीवरून येतं ९.५५, तिसरीवरून ९.५९, चौथीवरून ९.६३. प्रयोग एकाच खोलीत, एकाच दुपारी झालेला, तिथे गुरुत्वाकर्षण ओळीओळीला बदलणार नाही. शिवाय चुका अशाच मनमानी असत्या तर आकडे वरखाली झाले असते. इथे ते शिस्तीत एकाच दिशेने चढताहेत आणि खऱ्या मूल्याकडे सरकताहेत. लांबी वाढते तशी चूक कमी जाणवते. याचा अर्थ प्रत्येक लांबीत तेवढीच, न बदलणारी काहीतरी तूट आहे. चाळीसात ती मोठी दिसते, शंभरात लहान.

ती तूट काढायला आलेख लागत नाही, वर्गांची वजाबाकी पुरते. सूत्राच्या दोन्ही बाजूंचा वर्ग केला की T चा वर्ग सरळ लांबीच्या पटीत जातो. लांबी २० सें.मी.ने वाढली की वर्ग दर वेळी सारख्याच मापाने वाढायला हवा. कोष्टकातल्या शेवटच्या स्तंभात शेजारशेजारच्या आकड्यांची वजाबाकी करा: ०.८०४, ०.८१३, ०.८०७. किती जवळजवळचे आकडे आहेत! सरासरी ०.८०८. म्हणजे एका मीटरला ४.०४. आता ४π² म्हणजे ३९.४८ ला ४.०४ ने भागलं की g येतं ९.७७. ओळ धरून जे हाती लागत नव्हतं ते दोन ओळींमधल्या फरकाने मिळालं. कारण उघड आहे: ४० मध्ये जी तूट होती तीच ६० मध्येही होती, त्यामुळे वजाबाकीत ती उडून गेली.

आता उलट चालत जाऊ. वर्ग जर मीटरला ४.०४ ने वाढतो, तर १.६७७ हा वर्ग किती लांबीचा? १.६७७ भागिले ४.०४, म्हणजे ०.४१५ मीटर. लिहिलेली लांबी ४० सें.मी., खरी लांबी ४१.५. शेवटच्या ओळीवरून पाहिलं तर १०१.५ येतात. म्हणजे विद्यार्थ्याने लांबी दोरा संपतो तिथपर्यंतच मोजली होती आणि बॉबचा मध्य त्याच्या दीड सेंटीमीटर खाली होता. बॉबची त्रिज्या आणि वरचा छोटा आकडा मिळून साधारण एवढं अंतर होतंच. फोटोत जे दिसलं असतं ते आकड्यांनी सांगितलं. अर्थात हा दीड सेंटीमीटर काही व्हर्निअर कॅलिपरने मोजल्यासारखा नाही. पहिल्या ओळीत स्टॉपवॉच ०.१ सेकंद इकडेतिकडे झालं तरी त्यात तीन मिलिमीटरचा फरक पडतो. पण ‘लांबी मध्यापर्यंत मोजली की नाही’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला तेवढा नेमकेपणा पुरेसा आहे.

ही युक्ती केवळ विद्यार्थ्यांच्या सोयीची नाही. जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिख बेसेल यांनी १८२० च्या दशकात कोनिग्सबर्ग इथे, म्हणजे आजच्या कालिनिनग्राडमध्ये, सेकंद-लंबकाची लांबी अत्यंत काटेकोरपणे ठरवली. त्यांच्यापुढची अडचण हीच होती. तार नेमकी कुठून झुलायला लागते आणि लंबक नेमका कुठे संपतो, हे मिलिमीटरच्या बारीक अंशापर्यंत खात्रीने सांगणं फार कठीण. म्हणून त्यांनी तोच गोळा दोन वेगवेगळ्या लांबीच्या तारांवर झुलवला आणि त्या दोन लांबींतला फरक बरोबर एक तुआझ राखला. तुआझ हे जुनं फ्रेंच माप, जवळजवळ १.९५ मीटरचं. एकूण लांबी त्यांनी हिशेबातून बाजूला सारली आणि फरकावर भरवसा ठेवला, कारण फरक प्रमाणित पट्टीने थेट ताडून पाहता येत होता.

लांबी सापडली, पण कोष्टकात आणखीही चुका असू शकतात. त्यातल्या प्रत्येकीची खूण निराळी असते. प्रयोगशाळेत सगळ्यांत जास्त होणारी चूक मोजणीची. बॉब मध्यातून जाताना स्टॉपवॉच सुरू करायचं आणि त्या क्षणी ‘शून्य’ म्हणायचं, हा नियम. मुलं सवयीने ‘एक’ म्हणतात आणि वीसवर थांबवतात. मग वीस दोलनं म्हणून जी लिहिली ती खरं तर एकोणीसच असतात. अशा वेळी सगळेच वेळ सारख्या प्रमाणात, पाच टक्क्यांनी, कमी भरतात. वर्गांमधली वाढ पूर्वीसारखीच एकसारखी राहते, लांबीतली तूटही तेवढीच निघते, म्हणून वरवर सगळं छान दिसतं. फक्त g येतं १०.८. तेव्हा कोष्टकावरून g दहा पूर्णांक आठच्या आसपास आलं आणि ते प्रत्येक ओळीत ठाम राहिलं, तर मोजणी ‘एक’पासून सुरू झाली असं मी बिनदिक्कत म्हणेन. वीसऐवजी एकवीस मोजली गेली असतील तर तेच g ८.९ कडे घसरतं. लांबीची चूक ओळीगणिक बदलते, मोजणीची चूक बदलत नाही. हा भेद ध्यानात ठेवला की निम्मं निदान होतं.

आलेखाचा एक मोठा उपयोग मात्र कबूल करायला हवा. चार ठिपके एका रेषेत असताना पाचवा भरकटलेला असेल तर डोळा तो लगेच टिपतो. कोष्टक वाचताना तसं होत नाही. पण तेही काम वजाबाकीकडून करून घेता येतं. समजा, उतरवून घेताना कुणी ३६.३ च्या जागी ३३.६ लिहिलं. अंकांची अशी अदलाबदल नेहमी होते. मग ८० सें.मी.च्या ओळीतला T १.६८ आणि त्याचा वर्ग २.८२२ होतो. आता वजाबाक्या येतात ०.८०४, ०.३४१ आणि १.२७९. एक फारच लहान आणि तिला लागूनची फारच मोठी. त्या दोघींची बेरीज १.६२०, म्हणजे बरोबर दोन नेहमीच्या पायऱ्यांएवढी. दोन्ही पायऱ्यांमध्ये सामाईक असलेला आकडा तेवढा चुकला आहे, बाकीचे ठीक आहेत. तो काय असायला हवा तेही लगेच काढता येतं: २.४८१ अधिक ०.८०८ म्हणजे ३.२८९, त्याचं वर्गमूळ १.८१४, वीस दोलनांचे ३६.३ सेकंद. कोष्टकात ३३.६ दिसत असताना अंक कुठे उलटे झाले ते मग सांगावं लागत नाही.

फोटोतली दुसरी हरवलेली गोष्ट म्हणजे कोन. बॉब बाजूला किती अंशांपर्यंत ओढून सोडला? वर म्हटलं की सूत्रात ते नाही, पण ते सूत्र लहान कोनांपुरतंच खरं आहे. दहा अंशांपर्यंत ओढला तर दोलनकाळ सूत्रापेक्षा फक्त ०.१९ टक्के जास्त भरतो. एक मीटर लांबीच्या लंबकाच्या वीस दोलनांत हा फरक सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणजे हाताच्या स्टॉपवॉचला न दिसणारा. तीस अंशांना तो १.७ टक्के होतो, वीस दोलनांत ०.७ सेकंद. साठ अंशांना तो सात टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून वर्णनात ‘थोडासा बाजूला ओढून सोडला’ एवढं जरी लिहिलेलं असलं तरी फोटोची गरज संपते. ‘दोरा आडवा करून सोडला’ असं असेल, तर मात्र नेहमीचं सूत्र वापरणं चूक. तिथे दोलनकाळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो.

स्प्रिंगचा प्रयोग माझ्या मते याहून गमतीचा आहे, कारण तिथे आकडे अशी गोष्ट सांगतात जी फोटोतही दिसली नसती. उभी स्प्रिंग टांगलेली, तिच्या खालच्या टोकाला वजनं ठेवायचा आकडा, बाजूला पट्टी आणि पट्टीवर फिरणारा काटा. वजन हलकेच खाली ओढून सोडलं की ते वरखाली होत राहतं. सूत्र असं:

T = 2π√(m/k)

m म्हणजे टांगलेलं वस्तुमान आणि k म्हणजे स्प्रिंगचा ताठपणा, एक मीटर ताणायला लागणारं बल. समजा, प्रश्नात म्हटलं आहे: ‘आलेखावरून ३०० ग्रॅम वस्तुमानासाठी दोलनकाळ काढा.’ आलेख नाही. कोष्टक उरलं आहे ते असं. वस्तुमानात वजनं ठेवायचा आकडा धरलेला आहे.

| वस्तुमान (ग्रॅम) | काट्याचं स्थान (सें.मी.) | २० दोलनांचा वेळ (सेकंद) | T चा वर्ग |
|---|---|---|---|
| १०० | २१.० | १३.४ | ०.४४९ |
| १५० | २६.१ | १६.० | ०.६४० |
| २०० | ३१.० | १८.४ | ०.८४६ |
| २५० | ३६.० | २०.५ | १.०५१ |

सूत्र पाठ असलेला विद्यार्थी म्हणेल: सोपं आहे. दोलनकाळ वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या पटीत बदलतो, ३०० ग्रॅम म्हणजे शंभराच्या तिप्पट, म्हणून ०.६७ ला तीनच्या वर्गमुळाने गुणा. उत्तर १.१६ सेकंद. गणित बिनचूक, पण उत्तर चूक.

हे उत्तर चूक आहे हे कोष्टकच सांगतं. तोच नियम २५० ग्रॅमला लावून पाहा. ०.६७ गुणिले अडीचचं वर्गमूळ म्हणजे १.०६ सेकंद यायला हवेत. कोष्टकात आहेत १.०२५. वीस दोलनांत पाऊण सेकंदाचा फरक, तो काही बोट चुकल्यामुळे पडत नाही. म्हणून पुन्हा वजाबाकीकडे वळू. १०० पासून २५० पर्यंत वर्ग ०.६०२ ने वाढला, म्हणजे दर ५० ग्रॅमला ०.२०१. या हिशेबाने ०.४४९ हा वर्ग किती ग्रॅमचा? ११२ ग्रॅमचा. पण टांगले होते १००. पुढच्या ओळींवरून १५९, २१० आणि २६१ येतात. प्रत्येक वेळी टांगल्यापेक्षा नऊ ते बारा ग्रॅम जास्त, सरासरीने जवळजवळ अकरा.

हे अकरा ग्रॅम कुठून आले? ते स्प्रिंगचे स्वतःचे आहेत. वजन हलतं तेव्हा स्प्रिंगही हलते. तिचं खालचं टोक वजनाबरोबर पूर्ण वेगाने जातं, मधला भाग निम्म्या वेगाने, वरचं टोक तर खिळलेलंच असतं. या सगळ्या हालचालीची गतिज ऊर्जा मोजली तर ती स्प्रिंगच्या एक तृतीयांश वस्तुमानाने पूर्ण वेगाने हलावं तेवढी भरते. म्हणून सूत्रातल्या m मध्ये टांगलेल्या वजनाखेरीज स्प्रिंगचा तिसरा हिस्सा मिळवावा लागतो. अकराची तिप्पट तेहतीस. ही स्प्रिंग तराजूवर ठेवली तर तीस-पस्तीस ग्रॅम भरेल. फोटोत स्प्रिंग दिसली असती, तिचं वजन दिसलं नसतं.

आता ३०० ग्रॅमचं उत्तर काढता येतं. ३०० मध्ये ११ मिळवा, ५० ग्रॅमला ०.२०१ या दराने वर्ग १.२५, वर्गमूळ १.१२ सेकंद. आलेखावर रेषा पुढे वाढवून वाचलं असतं तर हेच मिळालं असतं. पण एक अट आहे: ३०० ग्रॅमलाही स्प्रिंगने पूर्वीच्याच प्रमाणात ताणलं जायला हवं. काट्याचा स्तंभ २५० पर्यंत तशी ग्वाही देतो. दर ५० ग्रॅमला ताण पाच सेंटीमीटर, एकाही ओळीत ढिलाई नाही. २५० वरून ३०० ही एकच पायरी पुढे आहे, तेवढी मी उडी घेईन. ६०० ग्रॅमचा दोलनकाळ या कोष्टकावरून सांगायला मात्र मी धजावणार नाही. स्प्रिंग आपल्या मर्यादेपलीकडे ताणली गेली की मूळ लांबीवर परत येत नाही, आणि ती मर्यादा कोष्टकात कुठेच लिहिलेली नाही.

काट्याच्या स्तंभात आणखी एक मोलाची गोष्ट आहे. समजा, वेळांचा स्तंभही पानाबरोबर फाटून गेला आणि उरली फक्त वस्तुमानं आणि काट्याची स्थानं. एकही दोलन मोजलेलं नाही. तरीही दोलनकाळ काढता येतो. स्थिर टांगलेल्या वजनाने स्प्रिंग x एवढी ताणली असेल, तर वजनाचं बल आणि स्प्रिंगची ओढ समान असते. म्हणजे m/k हे गुणोत्तर x/g एवढंच असतं. ते सूत्रात घातलं की उरतं:

T = 2π√(x/g)

हे तर लंबकाचंच सूत्र झालं! लांबीच्या जागी फक्त ताण आला. २५ सेंटीमीटर ताणलेली स्प्रिंग २५ सेंटीमीटर लांबीच्या लंबकाच्या तालात वरखाली होते. वस्तुमान माहीत नको, ताठपणा माहीत नको, फक्त पट्टी हवी. आपल्या स्प्रिंगला ५० ग्रॅममागे पाच सें.मी., म्हणजे २५० ग्रॅमला २५ सें.मी. त्यावरून दोलनकाळ येतो १.०० सेकंद. स्टॉपवॉच म्हणत होतं १.०२५. राहिलेली तूट स्प्रिंगच्या त्या अकरा ग्रॅमची. २६१ ग्रॅमसाठी म्हणजे २६.१ सें.मी. ताण धरला की १.०३ येतं आणि हिशेब जुळतो.

इथे एक सावधगिरी पाळावी लागते. ताण रिकाम्या स्प्रिंगपासून मोजू नये, दोन वजनांमधल्या फरकावरून काढावा. प्रयोगशाळेतल्या पुष्कळ स्प्रिंगांचे वेढे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. सुरुवातीचं थोडं वजन ते वेढे सुटे करण्यातच खर्च होतं, तोवर काटा हलतच नाही. रिकाम्या स्थितीपासून मोजलेला ताण मग खऱ्यापेक्षा कमी येतो आणि दोलनकाळही कमी निघतो. फोटो असता तर वेढे चिकटलेले आहेत का ते दिसलं असतं. नसेल तर फरकावरच राहावं.

सूत्रात g आलं म्हणून चंद्रावर हीच स्प्रिंग सावकाश हलेल असं वाटू शकतं. तसं होत नाही. तिथे g सहापट कमी, पण त्याच वजनाने पडणारा ताणही सहापट कमी, गुणोत्तर तेच. लंबकाची लांबी मात्र चंद्रावर गेल्याने बदलत नाही, म्हणून लंबक तिथे खरोखरच संथ होतो.

इतका वेळ हरवलेला आलेख T च्या वर्गाचा होता. पण पुष्कळ प्रश्नांत आलेख वेगळाच असतो: आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर आणखी काहीतरी. मजकुरात ओळ असते, ‘आलेखातील लागोपाठच्या दोन शिखरांमधील अंतर ०.५ सेकंद आहे.’ दोलनकाळ अर्धा सेकंद असं लिहून मोकळं होण्याआधी विचारायला हवं की शिखरं कशाची. उभ्या अक्षावर विस्थापन किंवा वेग असेल तर उत्तर बरोबर आहे, कारण एका दोलनात ते एकदाच कमाल होतात. गतिज ऊर्जा असेल तर एका दोलनात दोन शिखरं येतात, बॉब मध्यातून डावीकडे जाताना एक आणि उजवीकडे जाताना एक. मग दोलनकाळ एक सेकंद. लंबकाच्या दोऱ्यातला ताण मोजणारा आलेखही असाच दुप्पट वेगाने वरखाली होतो. प्रकाशाचा झोत तुटला की वेळ नोंदवणारं उपकरण मध्यभागी ठेवलं असेल तर तेही एका दोलनात दोनदा नोंद करतं. मजकुरात लांबी किंवा ताण दिलेला असेल तर सूत्राने पडताळून पाहता येतं. २५ सेंटीमीटरच्या लंबकाचा दोलनकाळ एक सेकंद असतो, अर्धा नाही. म्हणजे ०.५ सेकंदांनी येणारी शिखरं विस्थापनाची असूच शकत नाहीत. यातलं काहीच दिलेलं नसेल तर शिखरं कशाची हे सांगायला दुसरा मार्ग नाही.

फोटोवाचून खरोखरच अडतं असं आणखी एक ठिकाण आहे: दोन स्प्रिंगांचा प्रश्न. ‘आकृतीत दाखवल्याप्रमाणे दोन सारख्या स्प्रिंगांना २०० ग्रॅमचं वजन जोडलं आहे.’ प्रत्येक स्प्रिंगचा ताठपणा ९.८ न्यूटन प्रति मीटर. जोडलं म्हणजे कसं? एकीखाली दुसरी टांगून खाली वजन लावलं तर वजनाला दोन्ही स्प्रिंगा ताणून मिळतात, एकूण ताठपणा निम्मा होतो आणि दोलनकाळ १.२७ सेकंद. दोन्ही शेजारीशेजारी टांगून एकच वजन पेललं तर ताठपणा दुप्पट आणि दोलनकाळ ०.६३ सेकंद. बरोबर निम्मा. तिसरी रचना मुलांना हमखास चकवते: एक स्प्रिंग वरून, एक खालून आणि वजन मधे. सगळं एका रेषेत असल्यामुळे ती पहिल्या रचनेसारखी दिसते, पण वागते दुसरीसारखी. वजन खाली सरकलं की वरची स्प्रिंग ओढते आणि खालची तेवढ्याच बळाने त्याच दिशेला रेटते. तिथेही ०.६३ च.

मजकुरात कुठे स्थिर ताणाचा उल्लेख असेल तर वरचं ताणाचं सूत्र या दोन शक्यतांत निवड करून देतं. वजन लावल्यावर टोक ४० सेंटीमीटर खाली आलं असेल तर स्प्रिंगा एकीखाली एक होत्या. १० सेंटीमीटर आलं असेल तर दोघींनी मिळून वजन पेललं होतं. असा आकडा नसेल तर उत्तरपत्रिकेत दोन्ही रचना शब्दांत लिहाव्यात, प्रत्येकीपुढे तिचा दोलनकाळ लिहावा, आणि कोणती रचना होती ते मूळ छापील प्रत ज्याच्याकडे आहे त्याला विचारावं.